एसीचा खर्च दर उन्हाळ्यात का चुकतो? वॉट, तास आणि युनिटचा दर नेमका कसा धरायचा

मे महिन्याचं बिल आलं की जळगावात माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. मी वायरिंगची आणि एसी दुरुस्तीची कामं करतो. एप्रिल-मेमध्ये एसी बसवून दिलेली घरं जूनमध्ये बिल घेऊन परत येतात. "आम्ही पाटीवरचे वॉट बघून, तास मोजून हिशेब केला होता. बिल त्याच्या दुप्पट आलंय. मीटर पळतंय का?" पुढच्या उन्हाळ्यात तेच घर, तोच प्रश्न. बहुतेक वेळा मीटर बरोबर असतं, एसीही बरोबर असतो. चूक हिशेबात असते, आणि ती एकाच ठिकाणी नसते. दोन चुका असतात, त्याही उलट्या दिशेच्या. म्हणूनच ती सापडत नाही.

एक घर सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. शेजारचे काका शाळेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी घेतला. पाटीवर वीज लागते १,६८० वॉट. रोज रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास. त्यांनी बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडलं होतं:

१,६८० × ८ × ३० ÷ १,००० = ४०३ युनिट
४०३ युनिट × ५.८८ रुपये = सुमारे २,३७१ रुपये

एसी नसताना त्यांचं घर महिन्याला १८० युनिट जाळायचं. तीस दिवसांचं मेचं बिल आलं ४८० युनिटचं, आणि रक्कम वाढली ४,८७८ रुपयांनी. काका म्हणाले, "गणित तर बरोबर आहे ना रे? मग मीटरच जलद फिरत असणार."

इथे थांबून एकच गोष्ट बघायची. काकांच्या हिशेबाने एसीला ४०३ युनिट लागायला हवे होते. मीटरने जास्तीचे ३०० च मोजले. मीटर पळत असतं तर युनिट हिशेबापेक्षा जास्त आले असते, इथे शंभराने कमी आलेत. युनिट कमी आणि पैसे दुप्पट, याचा अर्थ घोळ दरात आहे. तुमच्याकडे असा प्रश्न आला की पहिली तुलना नेहमी युनिटची करा, रुपयांची मागाहून. रुपयांवरून सुरुवात केली की माणूस मीटरवर संशय घेतो आणि तिथेच अडकतो.

दर कुठला धरायचा

काकांनी धरलेला ५.८८ हा आकडा खोटा नव्हता. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटला वीज आकार ४.७१ रुपये होता आणि वहन आकार १.१७ रुपये. दोन्ही मिळून ५.८८. बरेच जण तर ४.७१ च धरतात, कारण वहन आकार बिलावर वेगळ्या ओळीत येतो आणि तो स्थिर आकारासारखा एकदाच लागतो असं वाटतं. तो एकदा लागत नाही, प्रत्येक युनिटवर लागतो.

पुढच्या टप्प्यांचे दर, वहन आकार धरून, असे होते:

१ ते १०० युनिट: ५.८८ रुपये
१०१ ते ३०० युनिट: ११.४६ रुपये
३०१ ते ५०० युनिट: १५.७२ रुपये
५०० च्या वर: १७.८१ रुपये

यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. ते धरलं की एका युनिटचे खरे खिशातून जाणारे पैसे चार टप्प्यांत अनुक्रमे ६.८२, १३.२९, १८.२४ आणि २०.६६ रुपये होतात. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो मी यात घेतलेला नाही. बिलावर असेल तर त्याचा प्रति युनिट दर शुल्काच्या आधी मिळवायचा.

आता मुख्य मुद्दा. एसी हे घरात सगळ्यात शेवटी आलेलं पाहुणं आहे. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन यांनी मिळून १८० युनिट आधीच वापरलेले आहेत. स्वस्तातले पहिले शंभर युनिट त्यांनी संपवले, पुढच्या टप्प्यातलेही ऐंशी खाल्ले. एसीच्या वाट्याला एकही स्वस्त युनिट उरत नाही. त्याचा पहिला युनिट घराचा १८१ वा असतो आणि तिथून वर चढत जातो.

काकांच्या ३०० युनिटचं काय झालं ते बघा. १८१ ते ३०० हे १२० युनिट १३.२९ च्या दराने गेले, ते १,५९५ रुपये. ३०१ ते ४८० हे १८० युनिट १८.२४ च्या दराने गेले, ते ३,२८३ रुपये. बेरीज ४,८७८. बिलातली वाढ रुपयापर्यंत जुळली. स्थिर आकार एसी असो नसो तेवढाच होता, म्हणून फरक काढताना तो उडून जातो.

म्हणजे काकांच्या घरी एसीचा एक युनिट सरासरी सव्वासोळा रुपयांना पडला. "युनिटचा दर काय?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. त्याच सोसायटीत एकटं राहणाऱ्या, महिन्याला साठ युनिट वापरणाऱ्या माणसाने हाच एसी इतकेच तास चालवला, तर त्याचे चाळीस युनिट पहिल्या टप्प्यात बसतील, दोनशे दुसऱ्यात, आणि साठच तिसऱ्यात जातील. त्याला तेच ३०० युनिट सुमारे ४,०२५ रुपयांना पडतील. एसी तोच, वॉट तेच, तास तेच. फरक आहे तो घरात आधीपासून किती वापर आहे याचा.

काही जण हुशारीने पूर्ण बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि तो सरासरी दर एसीला लावतात. काकांच्या बिलात, स्थिर आकार सोडून, ही सरासरी १३.८० येते. त्याने एसीचा खर्च ४,१४० निघतो, म्हणजे सातशेहून जास्त रुपये कमी. सरासरीत फ्रिजचे स्वस्त युनिट मिसळलेले असतात, म्हणून ती एसीला लावता येत नाही.

एक भीती मात्र काढून टाकतो, कारण ती मला दरवर्षी ऐकावी लागते. "पाचशेच्या वर एक युनिट गेला की सगळेच युनिट महाग दराने लागतात." तसं होत नाही. ५०१ वा युनिट तेवढा २०.६६ ने लागेल, आधीचे पाचशे आपापल्या टप्प्यातच राहतात. महिनाअखेरीला मीटर ४९५ वर आलं म्हणून रात्री लहान मुलांना उकाड्यात झोपवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या धडपडीची गरज नाही.

दर दरवर्षी बदलतात. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे वेगळे आहेत, गोव्यात वीज खात्याचे वेगळे. वर दिलेले आकडे पाठ करू नका. आपल्या ताज्या बिलावर टप्प्यांचे दर बघा, त्यात वहन आकार आणि असेल तर इंधन समायोजन आकार मिळवा, मग १.१६ ने गुणा. महाराष्ट्रातल्या घरगुती जोडणीला एवढं पुरतं.

वॉट कुठले धरायचे

दुसरी चूक पहिलीच्या उलट दिशेने जाते. पाटीवरच्या वॉटला तासांनी गुणलं की साध्या एसीचे युनिट जवळपास नेहमी जास्त येतात. काकांचे चारशे तीन आले, लागले तीनशे.

त्याआधी पाटी नीट वाचायला हवी. त्यावर वॉटचे दोन आकडे असतात. एक कूलिंग कपॅसिटीचा, दीड टनाला तो पाच हजारांच्या आसपास असतो. दुसरा पॉवर इनपुटचा, काकांच्या पाटीवर १,६८०. पहिला आकडा एसी खोलीतून किती उष्णता बाहेर काढतो तो, दुसरा त्यासाठी विजेच्या तारेतून किती घेतो तो. बिल दुसऱ्याचं येतं. पाच हजार धरून हिशेब केलेलं एक घर माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या मते महिन्याला बाराशे युनिट होणार होते आणि ते एसी परत द्यायला निघाले होते.

"दीड टन म्हणजे दीड हजार वॉट" हेही असंच योगायोगाने रुजलेलं आहे. टन हे वजन खरोखर बर्फाचं आहे. एक टन बर्फ, तोही ९०७ किलोचा अमेरिकी टन, चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्या वेगाने उष्णता ओढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. ते सुमारे साडेतीन हजार वॉट उष्णता होते. विजेचे वॉट त्यातून कळत नाहीत. ते यंत्र किती कार्यक्षम आहे त्यावर ठरतात.

आता साध्या एसीचा कॉम्प्रेसर. तो एकतर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद असतो. खोली ठरवलेल्या तापमानाला आली की बाहेरच्या युनिटचा आवाज थांबतो, आत नुसता पंखा फिरत राहतो आणि त्याला कॉम्प्रेसरच्या तुलनेत नगण्य वीज लागते. खोली थोडी तापली की कॉम्प्रेसर परत चालू. १,६८० वॉट हे कॉम्प्रेसर चालू असतानाचे आहेत. रात्री दहाला भिंती आणि स्लॅब तापलेले असतात, तेव्हा तो तासभर थांबतच नाही. पहाटे चारला अर्धा वेळ बंद असतो. काकांच्या घरी आठ तासांत सरासरी १,२५० वॉट निघाले, म्हणजे पाटीच्या पाऊण पटीला थोडे कमी. दुसऱ्या घरी हे प्रमाण वेगळं येईल. शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ते खूप वर जातं.

इन्व्हर्टर एसीत पाटीचे वॉट आणखी कमी उपयोगाचे. त्याचा कॉम्प्रेसर बंद-चालू होण्याऐवजी वेग कमी-जास्त करतो. सुरुवातीला पूर्ण जोर, मग हळूहळू तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही उतरतो. त्याच्यासाठी स्टार लेबल बघा. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, आणि ते वर्षाला १,६०० तास चालवल्याचे असतात, पूर्ण वर्षाचे नव्हेत. समजा लेबलवर ९६० युनिट आहेत. १,६०० ने भागलं की तासाला ०.६ युनिट. आठ तास, तीस दिवस धरले तर १४४ युनिट. खरेदी करताना दोन एसींची तुलना करायला हा आकडा चांगला. पण तो काढताना बाहेरचं तापमान २४ पासून ४३ अंशांपर्यंतचं, बरेच तास सौम्य हवेचे, असं धरलेलं असतं. जळगावच्या, अकोल्याच्या किंवा नागपूरच्या मेमध्ये त्याहून जास्त लागणार. किती जास्त, ते खोलीच सांगेल.

खोलीकडून उत्तर कसं घ्यायचं: एका रात्रीचं मोजमाप

वॉटवर वाद घालण्यापेक्षा मीटर वाचणं सोपं आहे. काकांना मी हेच करायला लावलं.

रात्री एसी लावताना मीटरचा आकडा लिहा. मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप बदलत राहतात: तारीख, वेळ, मागणी. त्यातला शेजारी kWh लिहिलेला तो युनिटचा. सकाळी एसी बंद करताना परत लिहा. काकांचा फरक आला ११.४ युनिट. ज्या मीटरवर दशांश दिसत नाही तिथे एका रात्रीवर विसंबू नका, तीन रात्रींचा एकत्र फरक घेऊन तीनने भागा.

या ११.४ मध्ये एसी एकटा नाही, फ्रिज आणि पंखाही आहेत. त्यांचा वाटा काढायला एक रात्र एसीशिवाय मोजावी लागते, आणि मेमध्ये एसीशिवाय झोपणार कोण? खानदेशात याचं उत्तर तयार आहे. काका-काकू एक रात्र गच्चीवर झोपले. खाली फक्त फ्रिज आणि राउटर चालू. तेवढ्याच आठ तासांत ०.८ युनिट गेला. खोलीतला पंखा ७५ वॉटचा, आठ तासांचे ०.६. एकूण १.४. ११.४ मधून १.४ वजा केले, एसीचे राहिले १० युनिट. तीस रात्रींचे तीनशे. बिलावर जास्तीचे आले होते तेवढेच.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा वापरावा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, अनेक मीटरवर हा आकडा ३,२०० असतो. एक मिनिटभर लुकलुकी मोजा, ६०,००० ने गुणा आणि पाटीवरच्या आकड्याने भागा. त्या क्षणी पूर्ण घर किती वॉट घेतंय ते मिळतं. एसी चालू असताना मिनिटाला ९२ वेळा लुकलुकलं तर १,७२५ वॉट. मग फक्त एसी बंद करून लगेच पुन्हा मोजा, दोन्हींतला फरक तो एसीचा. मोजताना चुकत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन सावकाश मोजा. मात्र ही पद्धत त्या क्षणाचे वॉट सांगते, रात्रीची सरासरी नाही. कॉम्प्रेसर पाटीवर लिहिल्याइतकीच वीज घेतो का, हे तपासायला ती उपयोगी.

एक खबरदारी. रात्री मध्ये वीज गेली असेल तर ते मोजमाप सोडून द्या. वीज परत आल्यावर घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर चार्ज होताना बरीच वीज ओढतो, आणि ती सगळी एसीच्या नावावर जाते. पहाटे गिझर लागत असेल तर सकाळचा आकडा त्याच्या आधी घ्या.

रात्रीचा आकडाच जास्त आला तर

साध्या एसीला एक वरची मर्यादा असते. काकांचा कॉम्प्रेसर आठ तास एकदाही न थांबता चालला असता तर १३.४ युनिट झाले असते. तुमच्या रात्रीच्या मोजमापातून एसीचा आकडा या मर्यादेच्या जवळ येत असेल, तर कॉम्प्रेसर थांबतच नाहीये. मध्यरात्री बाहेरच्या युनिटजवळ दहा मिनिटं कान देऊन उभे राहा, खात्री होईल. याचा अर्थ एसी खराबच आहे असं नाही. २० अंशांवर लावलेला एसी तापलेल्या स्लॅबखाली कधीच तिथपर्यंत पोचत नाही, तो बिचारा रात्रभर धावत राहतो. आधी २६ वर लावून एक रात्र मोजा. तरीही थांबला नाही, तर मग यंत्राकडे बघायचं.

इथे वॉट परत कामाला येतात. बाहेरच्या युनिटच्या जाळीत धूळ, कापूस, कबुतराची पिसं अडकली असतील तर उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर पाटीपेक्षा जास्त वॉट घेतो. लुकलुकीच्या मोजमापात ते दिसतं. गॅस कमी झाला असेल तर उलट. कॉम्प्रेसर पाटीपेक्षा कमी वॉट घेतो, पण थांबत नाही. खोली गार होत नाही आणि आतल्या कॉइलवर किंवा बारीक तांब्याच्या नळीवर बर्फ धरतो. आतली फिल्टर जाळी बुजली तरी बर्फ धरू शकतो, म्हणून गॅस भरायला सांगण्याआधी जाळी धुऊन बघा. ते फुकट आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळालेला असतो. गळती शोधल्याशिवाय नुसता भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात तेच होईल.

दिवसांचा घोळ

हे पटकन सांगतो. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक नसतो. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्या तारखा असतात, त्यांच्यामधले दिवस मोजा. तुम्ही तीस रात्री धरल्या आणि रीडिंग चौतीस दिवसांनी झालं, तर चार रात्रींचे चाळीस युनिट हिशेबात नाहीत. बिल "सरासरी" म्हणून आलं असेल तर त्यावरून एसीचा काहीच निष्कर्ष काढू नका. स्वतः मीटरचा आकडा बघून मागच्या खऱ्या रीडिंगपासूनचा फरक घ्या.

आणि उन्हाळ्यात एसी सोडून बाकीचं घरही वाढतं. फ्रिज जास्त चालतो, पंखे दिवसभर फिरतात, दुपारी हॉलमध्ये कूलर लागतो. मार्चचे १८० मेमध्ये १९०-२०० होणं साहजिक आहे. ही वाढ एसीच्या नावावर टाकली तर एसी आहे त्यापेक्षा महाग दिसतो.

वाचवलेला युनिट कुठल्या दराचा

एसीचे युनिट वरच्या टप्प्यात बसतात, याची चांगली बाजूही आहे. कमी केलेला युनिटही वरूनच सुटतो. काकांनी रोज एक तास कमी केला तर महिन्याला साडेसदतीस युनिट कमी, आणि ते सगळे १८.२४ वाले. ६८४ रुपये. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २४ वरून २६ म्हणजे साधारण १२ टक्के, तीनशेतले छत्तीस युनिट, साडेसहाशे रुपये. म्हणून मी घरोघरी सांगतो, खर्च कमी करायचा तर आधी एसीच्या तासांकडे आणि अंशांकडे बघा. दिवा बदलून वाचलेला युनिटही त्याच वरच्या दराने सुटेल, पण दिव्याकडे द्यायला फारसे युनिटच नसतात.

जूनचा अंदाज काकांनी या पद्धतीने आधीच काढून ठेवला. २६ अंश, रात्री अकरा ते सहा, सात तास. एक रात्र मोजली, फ्रिज-पंखा वजा जाता ७.६ युनिट आले. महिन्याच्या शेवटी पाऊस येईल म्हणून पंचवीस रात्री धरल्या: १९० युनिट. बाकी घराचे १९०. एकूण ३८०. एसीच्या वाट्याचे ११० युनिट १३.२९ ने, ८० युनिट १८.२४ ने, मिळून २,९२१ रुपये. कागद फ्रिजच्या दारावर लावून ठेवला.

बिल ३९१ युनिटचं आलं. जास्तीचे अकरा युनिट, दोनशे रुपये. ते कुठले, हे काकूंनीच सांगितलं. लेकीकडची नातवंडं दोन दिवस राहायला आली होती, तेव्हा दुपारीही एसी लावला होता.